आधी मामांचे बारा हजार की आधी कार्ड?

"ताई, मी पाचोऱ्याचा, जळगाव एमआयडीसीत चटईच्या कंपनीत सुपरवायझर आहे, हातात २६ हजार येतात. चार कर्जं आहेत. क्रेडिट कार्डाचे ४२ हजार, महिना साडेतीन टक्के व्याज, बँक सांगते ते कमीत कमी २,१०० भरतो. कंपनीतल्या पगारदार पतसंस्थेचे ६० हजार, १४ टक्के, पगारातून ३,००० कापतात. मोटरसायकलचे २,१६७ चे ८ हप्ते राहिले, ६० हजार घेतलेले ३ वर्षांसाठी, १० टक्के फ्लॅट. आणि बहिणीच्या लग्नात रावेरच्या मामांकडून घेतलेले १२ हजार, त्याला व्याज नाही. सगळं जाऊन ३ हजार उरतात. एका व्हिडिओत स्नोबॉल करा सांगतात, दुसऱ्यात अ‍ॅव्हलाँच. बायको म्हणते आधी मामांचे द्या, त्यांच्यासमोर जायला कसंतरी होतं. काय करू?"

भाऊ, तुम्ही आकडे सगळे लिहून पाठवले हे फार बरं केलं, नाहीतर निम्मी पत्रं "खूप कर्ज झालंय" एवढंच म्हणतात आणि मग उत्तर तरी काय देणार. उत्तर आधीच सांगून टाकते, तुमच्या बाबतीत कार्ड आधी, म्हणजे अ‍ॅव्हलाँच, सगळ्यात जास्त व्याजाचं ते आधी संपवायचं. पण ते का, आणि तुमच्या मिसेसचं म्हणणं कुठे बसतं, ते नीट बघू, कारण त्यांचं म्हणणंही सोडून देण्यासारखं नाही.

मी बरीच वर्षं पतसंस्थेत कर्ज आणि वसुलीचं टेबल सांभाळलंय. तिथे रोज दिसायचं की माणसाला हप्ता पाठ असतो पण व्याज नेमकं किती लागतंय ते माहीत नसतं. आणि खरं तर तुमचीही तिथेच गफलत होतेय, कारण तुमच्या चार कर्जांचे दर चार वेगवेगळ्या भाषेत सांगितलेत. एक महिन्याने, एक वर्षाने, एक फ्लॅट, एक बिनव्याजी. असे दर शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही. म्हणून आपल्याकडे गावात जसं विचारतात ना, "शेकडा कितीने घेतले?", तसं चारही कर्जांना विचारायचं, शंभर रुपयांना महिन्याला किती रुपये व्याज.

कार्ड शेकडा साडेतीन दिसतंय पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून पडतं शेकडा ४ रुपये १३ पैसे. गावातल्या सावकाराने एवढा दर सांगितला तर आपण त्याच्या दारात पाय ठेवणार नाही, पण कार्ड गपचूप तेवढंच घेतं. मोटरसायकलचं बघा, १० टक्के फ्लॅट म्हणजे तीन वर्षं पूर्ण ६० हजारांवर व्याज धरलं, १८ हजार, आणि ७८ हजाराचे ३६ हप्ते पाडले, पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत होता, ते कमी होत गेलं तरी व्याज मूळ रकमेवरच. हे घटत्या शिलकीच्या हिशोबाने बसवलं तर वर्षाला जवळजवळ १८ टक्के होतं, म्हणजे शेकडा दीड रुपया. पतसंस्थेचे १४ टक्के घटत्या शिलकीवर असतात, म्हणजे शेकडा एक रुपया सतरा पैसे. (तुमच्या पासबुकात एकदा बघून घ्या व्याज शिल्लक मुद्दलावरच लागतंय ना, बहुतेक ठिकाणी तसंच असतं.) मामांचं शेकडा शून्य.

म्हणजे नाव जरी चार कर्जांचं असलं तरी तुम्हाला खाणारं कर्ज एकच आहे. बाकीची तीन शेकडा शून्य ते दीडच्या आत आणि हे एकटं चारच्या वर.

आता जरा कार्डाचं स्टेटमेंट काढून बघा. ४२ हजारांवर महिन्याचं व्याज १,४७०, त्यावर जीएसटी २६५, झाले १,७३५. तुम्ही भरता २,१००. म्हणजे तुमच्या २,१०० मधले फक्त ३६५ रुपये कर्ज कमी करतात. आणि त्यात जर महिन्याला पाचशेचं पेट्रोल त्याच कार्डावर टाकत असाल तर कर्ज वाढतंय, कमी होत नाहीये. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, कार्डाचे ते ४५-५० दिवस बिनव्याजी असतात ना, ते फक्त मागचं बिल पूर्ण भरलेल्याला मिळतात. मागचं बाकी ठेवलं की नवीन खरेदीला त्याच दिवसापासून व्याज सुरू.

आता दोन्ही पद्धती तुमच्याच आकड्यांवर चालवून बघते. मोटरसायकलला दोन्हीकडे हात लावलेला नाही, ती ८ महिन्यांत आपोआप संपते, का ते पुढे सांगते.

स्नोबॉल म्हणजे सगळ्यात छोटं आधी, म्हणून जास्तीचे ३ हजार मामांना. चार महिन्यांत मामा मोकळे, घरात आनंद, छान. पण त्या चार महिन्यांत कार्डाला तुम्ही ८,४०० भरले आणि कार्ड ४२,००० वरून आलं फक्त ४०,४४५ वर. पाचव्या महिन्यापासून २,१०० अधिक ३,००० असे ५,१०० कार्डाला, आठव्यानंतर मोटरसायकलचे २,१६७ पण त्यातच. असं केलं तर कार्ड संपतं बाराव्या महिन्यात आणि कार्डाला एकूण व्याज जातं साधारण १५,३५० रुपये.

अ‍ॅव्हलाँचमध्ये पहिल्या महिन्यापासूनच ५,१०० कार्डाला. चार महिन्यांनी कार्डावर राहतात २७,७००. आठव्या महिन्याच्या शेवटी साधारण १०,८५०. मग मोटरसायकलचा हप्ता मोकळा होतो, तो पण इकडे वळवायचा, आणि दहाव्या महिन्यात कार्ड शून्य. व्याज गेलं साधारण १०,२५०. दहाव्या महिन्यात जे तीनेक हजार उरतात तिथून मामांचे सुरू, आणि बाराव्या महिन्यात मामांचेही पूर्ण.

म्हणजे बघा, दोन्ही रस्त्यांनी बाराव्या महिन्यात कार्ड, मोटरसायकल आणि मामा तिन्ही संपतात. फरक एवढाच की अ‍ॅव्हलाँचने आलात तर त्या दिवशी तुमच्या हातात पाच हजार जास्त असतात. हा फरक फार मोठा वाटत नसेल कोणाला, पण २६ हजार पगारात पाच हजार म्हणजे पोरांच्या शाळेची वह्या-पुस्तकं-युनिफॉर्म निघतात, ते बँकेला का द्यायचे. त्यानंतर पतसंस्था, सगळे मोकळे झालेले हप्ते तिकडे वळवले तर पंधराव्या महिन्यात तीही संपते, एरवी ती २३ महिने चालली असती.

मग स्नोबॉल चुकीचं का? नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या दोघांनी एका कर्ज-तडजोड कंपनीच्या ग्राहकांचा अभ्यास केला होता, त्यात दिसलं की ज्यांनी सुरुवातीला जास्त खाती बंद केली, मग ती छोटी का असेनात, ते सगळं कर्ज संपवण्यापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त होती. मला हे पटतं, वसुलीत मीही हेच बघितलंय, एक खातं बंद झाल्याची पावती हातात आली की माणूस पुढच्याला नेटाने लागतो. तुमच्या कर्जांचे दर जर शेकडा दीड, सव्वा, एक असे आसपास असते ना तर मी डोळे झाकून सांगितलं असतं छोटं आधी संपवा, व्याजाचा फरक शे-दोनशे येईल आणि मनाला उभारी मिळेल. पण तुमच्याकडे सगळ्यात छोटं ते बिनव्याजी आणि मोठं ते शेकडा चारचं, इथे उभारीची किंमत पाच हजार लागतेय. महाग आहे.

आता मिसेसच्या म्हणण्याकडे येते. त्यांना मामांसमोर कसंतरी होतं हे खरं आहे, आणि नातं शेकड्यात मोजता येत नाही. पण बऱ्याचदा कसंतरी पैशापेक्षा न बोलण्यामुळे होतं. लग्नाला पैसे घेतले आणि नंतर विषयच काढला नाही तर मामी पण मनात म्हणणार की विसरले वाटतं. तेव्हा दोघं जाऊन या रावेरला, आणि स्पष्ट सांगा, "मामा, कार्डाचं व्याज जास्त आहे, ते दहा महिन्यांत संपतंय, त्याच्यानंतर दोन महिन्यांत तुमचे पूर्ण देतो." तारीख सांगा, आणि सांगताना विचारा की मध्ये केळीच्या लागवडीला, खताला वगैरे त्यांना लागणार आहेत का. लागणार असतील तर मग हिशोब बाजूला, ज्या महिन्यात त्यांना लागतात त्या महिन्यात आधी ते. लागणार नसतील तरी मिसेसच्या मनाला चैन पडत नसेल तर दर महिन्याला ५०० मामांना आणि बाकी ४,६०० कार्डाला असं करता येतं. त्याचा मी हिशोब केलाय, कार्ड दहाच्या ऐवजी अकराव्या महिन्यात संपतं आणि व्याज साधारण ११-१२शे जास्त जातं. घरात शांतता राहत असेल आणि तुम्ही दोघं एका बाजूने उभे राहत असाल तर हा सौदा मला चालेल, पूर्ण ३ हजार तिकडे द्यायला मात्र नको.

याच्या आधी एक फोन करा, कारण त्याने कदाचित हा सगळा वादच मिटेल. कार्डाच्या बँकेला विचारा की बाकी रक्कम ईएमआयमध्ये बदलून मिळेल का. हप्ते थकलेले नसले तर बऱ्याच बँका देतात आणि दर साध्या कार्डाच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो. समजा महिना दीड टक्क्याने १२ महिने मिळालं, तर जीएसटी धरून हप्ता बसतो साधारण ३,९०० आणि वर्षभराचं व्याज पाच हजारांच्या आसपास, म्हणजे अ‍ॅव्हलाँचच्याही निम्मं. आणि तुमच्या ५,१०० मधले जवळजवळ बाराशे उरतात, ते सरळ मामांना, पहिल्या महिन्यापासून! फक्त हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा, दर महिन्याचा सांगताय की वर्षाचा, घटत्या शिलकीवर आहे की फ्लॅट, आणि प्रोसेसिंग फी किती. फोनवरचा मुलगा गोड बोलतो, त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, मेसेज किंवा मेलवर लिहून मागवा. आणि हे लक्षात ठेवा की आता २,१०० भरून एखादा महिना निभावता येतो, ईएमआय केल्यावर ३,९०० भरावेच लागतील. कंपनीत ओव्हरटाइम बंद होऊन पगार कमी-जास्त होत असेल तर जरा विचार करून.

मोटरसायकलला हात का लावायचा नाही म्हणाले, ते सांगते, कारण व्हिडिओ बघून बरेच जण तीच आधी फोरक्लोज करायला जातात, छोटं कर्ज आहे ना. तुमचे ८ हप्ते म्हणजे १७,३३३ रुपये, त्यातलं मुद्दल साधारण १६,२०० आहे, व्याज फक्त अकराशे. सुरुवातीच्या हप्त्यांमध्येच कंपनीने बहुतेक व्याज काढून घेतलंय. आज बंद केलं तर जास्तीत जास्त अकराशे वाचतील, आणि समजा ४ टक्के फोरक्लोजर चार्ज असला तर जीएसटीसकट पावणेआठशे तिथेच गेले. शिवाय अशा लोनला थोडे थोडे जास्तीचे भरता येतात का तेही बघावं लागतं, काही कंपन्या ते पैसे पुढच्या हप्त्याला धरून ठेवतात, मुद्दल कमी करत नाहीत. म्हणजे तुम्हाला वाटतं कर्ज फिटतंय आणि व्याज तेवढंच. फोरक्लोजरचा चार्ज तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेला असतो. आणि पुढे कधी नवीन लोन घ्यायची वेळ आलीच तर १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँका आणि फायनान्स कंपन्यांना की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यावा लागतो, त्यात एपीआर म्हणून जो आकडा असतो तो सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर असतो, फ्लॅट-बिट काही असलं तरी तोच बघायचा.

आता रोजचं चालवायचं कसं. कार्डाच्या ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन आणि दुकानातले स्वाइप दोन्ही बंद करून टाका, सोय असते त्यात, आणि यूपीआयला जोडलं असेल तर तिथून काढा. ऑटो-डेबिट मिनिमम ड्यूचं राहू द्या म्हणजे चुकून तारीख हुकली तर लेट फी लागणार नाही, पण पूर्ण ५,१०० तुम्ही स्वतः भरायचे आणि पगार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी भरायचे, शेवटच्या तारखेची वाट बघायची नाही. कार्डाचं व्याज रोजच्या शिलकीवर लागतं, पगार ७ ला आणि शेवटची तारीख २२ असेल तर पूर्ण ५,१०० पंधरा दिवस आधी गेले की महिन्याला शंभरेक रुपये वाचतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २२ तारखेपर्यंत ते पैसे खात्यात राहिले तर ते राहत नाहीत, हे तुम्हालाही माहीतच असेल.

आणि दर महिन्याला ३ हजार उरतीलच असं धरून चालू नका. आखाजीला बहीण माहेरी येणार, तिला साडी-चोळी, भाच्यांना काहीतरी द्यावं लागणार, आणि ते द्यायलाच हवं, कर्ज आहे म्हणून बहिणीला रिकाम्या हाताने पाठवणार नाही आपण. म्हणून पहिल्या महिन्याचे ३ हजार कार्डाला न भरता वेगळ्या खात्यात ठेवा, तुमच्या रोजच्या यूपीआयच्या खात्यात नको. माझा वरचा सगळा हिशोब याने एक महिना पुढे सरकेल आणि थोडं व्याज जास्त जाईल, तरी ठेवा. पोराला ताप आला आणि हातात काहीच नसलं तर माणूस परत कार्डच काढतो, आणि मग तीन महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते. हे मी इतक्या घरांत बघितलंय की याबाबतीत मी ऐकणार नाही तुमचं.

गाडी घसरतेय की नाही ते ओळखायचं सोपं आहे, दर महिन्याच्या स्टेटमेंटवर "एकूण देय" हा एकच आकडा कॅलेंडरवर लिहीत जा. पहिल्या काही महिन्यांत तो साडेतीन हजारांच्या आसपास उतरायला हवा, नंतर चार हजारांनी. हजार-दीड हजारच उतरत असेल तर कुठेतरी स्वाइप चालू आहे किंवा एखादी फी लागतेय, त्याच आठवड्यात शोधा. दोन महिने सलग असं झालं तर मला परत लिहा, मग आपण ३ हजारांचा आकडाच परत तपासू, कदाचित तुमच्या घराला दोनच परवडत असतील आणि त्यात काही वाईट नाही, वेळ थोडा जास्त लागेल इतकंच.

पतसंस्थेचं सध्या जसं कापलं जातंय तसं जाऊ द्या, ते कधी चुकवू नका, तिथे तुमचा जामीनदार म्हणजे तुमच्याच लाइनवरचा सहकारी असणार, तुमचा हप्ता थकला तर त्याच्या पगाराला हात लागतो. तेराव्या महिन्यापासून तिकडे जास्तीचे भराल तेव्हा पावतीवर "मुद्दलात जमा" असं लिहून घ्या, नाहीतर कधी कधी ते ठेवीत किंवा अनामत खात्यात पडून राहतात आणि व्याज चालूच राहतं. 

आणि आठव्या महिन्यात मोटरसायकलचा शेवटचा हप्ता गेला की लोन कंपनीकडून एनओसी आणि फॉर्म ३५ मागून घ्या आणि आरटीओत जाऊन आरसी बुकावरचा बोजा लगेच उतरवून टाका. एनओसीला मुदत असते, ती संपली की परत मागवायला चकरा मारत बसावं लागतं, आणि पुढे गाडी विकायची ठरली तर तो बोजा तसाच आडवा येतो.